बाहीचा गोल आणि मुंढा : टाके नेमके कुठे कमी करायचे?

(संघाच्या विणकाम प्रशिक्षणात झालेल्या भाषणाचा मजकूर. ज्या गटांनी हिवाळ्यासाठी स्वेटरचं काम घेतलं आहे, त्यांनी हे पान कापून विणकामाच्या पिशवीत ठेवावं.)



आज मी एकाच गोष्टीबद्दल बोलणार आहे. स्वेटरची पाठ छान येते, पुढचा भाग छान येतो, बॉर्डर सरळ येते आणि बाही लावली की सगळं बिघडतं. खांद्यावर फुगा येतो, नाहीतर काखेत चुण्या पडतात. नाहीतर बाई हात वर करते आणि अख्खा स्वेटर कमरेवरून वर चढतो. गिऱ्हाईक स्वेटर अंगावर चढवतं, आरशात बघतं आणि घडी घालून परत ठेवतं. काय चुकलंय हे त्याला सांगता येत नाही, पण नकोसा वाटतो. मग ती बाही उसवायची, गोलापर्यंत मागे जायचं, परत विणायचं. दोन बाह्यांना दोन दिवस सहज जातात, आणि त्या दोन दिवसांची मजुरी कोणी देत नाही.

आपल्यातल्या पुष्कळ जणी याचा दोष शिवणीला देतात. शिवण थोडी ताणली, थोडी सैल धरली, की बसेल असं वाटतं. पण शिवणीने फार तर पाव इंच झाकता येतो. बाही बसणार की नाही, हे टाके कमी करताना ठरतं. किती टाके कमी केले यापेक्षा ते कुठे कमी केले, हे जास्त महत्त्वाचं आहे. आज तेवढंच शिकायचं.

आधी शब्द ठरवून घेऊ

अंगाच्या भागाला हात बाहेर काढायला जो कापल्यासारखा भाग असतो, तो मुंढा. बाहीचा दंडाच्या वरचा भाग, जो घंटेसारखा निमुळता होत जातो आणि मुंढ्यात बसतो, त्याला आपण बाहीचा गोल म्हणू. शिवणकाम करणाऱ्या बायका त्यालाही मुंढाच म्हणतात, पण आज गोंधळ नको. अंगाचा तो मुंढा, बाहीचा तो गोल.

आता साधी गोष्ट. मुंढ्याची कड आणि गोलाची कड एकमेकींना शिवायच्या आहेत. म्हणजे दोन्ही कडांची लांबी जवळजवळ सारखी हवी. गोलाची कड थोडी जास्त असावी, पूर्ण गोलाला मिळून साधारण अर्धा इंच. कारण खांद्याचं हाड गोल आहे आणि त्याच्यावरून जायला कापड किंचित जास्त लागतं. एक इंचापर्यंत चालतं. त्याच्या पुढे गेलं की फुगा दिसायला लागतो. आणि कमी पडलं तर शिवण खांदा खाली ओढते.

लांबी हा झाला एक भाग. दुसरा भाग आहे आकार. लांबी बरोबर असूनही बाही बसत नाही, असं होतं. ते का होतं, हे हिशोब करतानाच कळेल.

हाताची वीण आधी मोजा

मी आज एकच माप घेऊन शेवटपर्यंत जाणार आहे. बाईचा स्वेटर, छाती ३६ इंच, विणून झाल्यावर स्वेटरचा घेर ३८ इंच. सुलट-उलट साधी वीण. १ इंचात ६ टाके आणि १ इंचात ८ ओळी.

हे ६ आणि ८ आले कुठून? प्रत्येकीने आपला तुकडा विणून बघायचा. पाच इंच लांब, पाच इंच रुंद. तो धुवायचा, सपाट वाळवायचा आणि मग मधल्या चार इंचांत टाके आणि ओळी मोजायच्या. माझ्या तुकड्यात चार इंचांत २४ टाके आणि ३२ ओळी आल्या, म्हणून इंचाला ६ आणि ८. तुकड्याच्या अगदी कडेला मोजू नका, तिथे वीण ओढलेली असते.

बायका टाके मोजतात आणि ओळी मोजायच्या सोडतात. अंगाच्या भागाला ते खपतं, कारण तिथे आपण टेपने उंची बघत विणतो. पण बाहीच्या गोलात सगळी उंची ओळींवर ठरते. ओळी नाही मोजल्या, तर पुढचा सगळा हिशोब वाया.

आणखी एक गोष्ट, खास गटांसाठी. आपण काम वाटून घेतो. एकीने पाठ, दुसरीने पुढचा भाग, तिसरीने बाह्या. प्रत्येकीचा हात वेगळा. एकीच्या इंचाला ८ ओळी येतात, दुसरीच्या साडेसात. ४६ ओळींच्या गोलात एवढ्याने जवळजवळ अर्ध्या इंचाचा फरक पडतो, आणि गोलाच्या दोन्ही बाजूंना मिळून कड अर्ध्या इंचाहून जास्त लांबते. म्हणून एका स्वेटरचे सगळे भाग शक्यतो एकाच हातचे असावेत. ते जमत नसेल तर ज्यांचे तुकडे मोजून सारखे आलेत, अशाच दोघी-तिघींनी मिळून एक स्वेटर करावा.

मुंढा आधी, बाही नंतर

पाठीला ३८ चा अर्धा म्हणजे १९ इंच, त्याचे ११४ टाके. दोन्ही खांद्यांमधली पाठीची रुंदी या मापाला १४ इंच धरू, म्हणजे ८४ टाके. ११४ मधून ८४ गेले, ३० राहिले. म्हणजे दोन्ही मुंढ्यांना १५-१५ टाके कमी करायचे.

हे १५ असे: पहिल्या दोन ओळींच्या सुरुवातीला ६-६ टाके बंद करायचे. हा झाला काखेतला एक इंच सपाट भाग. मग एकाआड एक ओळीला दोन्ही बाजूंनी एक-एक टाका कमी, असं ९ वेळा. त्याला १८ ओळी लागतात. पुढे काही कमी न करता सरळ विणत जायचं. मुंढ्याची उंची ८ इंच, म्हणजे सगळ्या मिळून ६४ ओळी झाल्या की खांदा.

पुढच्या भागाचा मुंढाही असाच. गळ्याचं काम वेगळं, ते आज सोडून देऊ.

आता पाठ सपाट जमिनीवर पसरा. टेप कडेवर उभी धरा, आडवी टाकू नका, म्हणजे ती वळणावर वळेल. काखेतल्या बंद केलेल्या टाक्यांच्या सुरुवातीपासून खांद्यापर्यंत मुंढ्याची कड मोजा. या मापाला साधारण साडेनऊ इंच येते. उंची ८ आणि कड साडेनऊ, हा फरक लक्षात ठेवा. पुष्कळ जणी उंचीलाच कड समजतात आणि गोल दीड इंचाने अपुरा येतो.

म्हणून माझं सांगणं आहे की पाठ आणि पुढचा भाग पूर्ण झाल्याशिवाय बाहीच्या गोलाला हात लावू नका. मनगटापासून दंडापर्यंत बाही विणून ठेवा हवं तर. पण गोल सुरू करायचा तो मुंढा मोजूनच.

गोलाची उंची टेपने काढा

आपल्या बाईचा दंड ११ इंच आहे. दोन इंच सैलपणा धरला की बाहीची रुंदी १३ इंच, म्हणजे ७८ टाके.

गोलाच्या सुरुवातीलाही मुंढ्यासारखेच दोन्ही बाजूंना ६-६ टाके बंद करायचे. हे मुंढ्याशी जुळलंच पाहिजे, कारण काखेत हे दोन सपाट भाग एकमेकांवर येतात. ७८ मधून १२ गेले, ६६ राहिले.

गोलाच्या माथ्यावर शेवटी जो सपाट भाग राहतो, तो ३ इंच ठेवू, म्हणजे १८ टाके. मोठ्या माणसाच्या बाहीला हा माथा अडीच ते चार इंच चालतो. एक-दीड इंचच ठेवला तर बाहीला टोक येतं आणि ते खांद्यावर उभं राहतं. पाच इंच ठेवला तर दोन कोपरे येतात, खांदा खोक्यासारखा दिसतो.

६६ चे १८ करायचे म्हणजे ४८ टाके जायला हवेत, प्रत्येक बाजूला २४. चोवीस टाक्यांचे ४ इंच.

आता उंची किती? इथे बायका अंदाज करतात. अंदाज करायची गरज नाही. मुंढ्याची कड साडेनऊ इंच आहे. त्यातला १ इंच काखेतल्या सपाट भागाने भरला. माथ्याचा अर्धा म्हणजे दीड इंच वरून भरला. राहिले ७ इंच. म्हणजे गोलाची तिरकी कड ७ इंच यायला हवी.

एक वर्तमानपत्र घ्या. त्यावर ४ इंचाची आडवी रेघ काढा. तिच्या एका टोकाला काटकोनात उभी रेघ काढा, लांब. आता टेपचं सुरुवातीचं टोक आडव्या रेघेच्या दुसऱ्या टोकावर धरा आणि टेपवरचा ७ चा आकडा उभ्या रेघेला टेकेपर्यंत टेप फिरवा. जिथे टेकला तिथे खूण करा. खालपासून त्या खुणेपर्यंत मोजा. पावणेसहा इंच येतील. ही आपल्या गोलाची उंची. इंचाला ८ ओळी, म्हणजे ४६ ओळी. त्यातल्या पहिल्या दोन ओळी टाके बंद करण्यात गेल्या, राहिल्या ४४.

म्हणजे प्रश्न असा उरला: ४४ ओळींत प्रत्येक बाजूचे २४ टाके कमी करायचे. कसे?

सारखे वाटले की त्रिकोण होतो

पहिलं मनात येतं ते सारखे वाटून टाकायचं. जवळजवळ एकाआड एक ओळीला एक टाका. पुष्कळ ठिकाणी असंच सांगितलेलं असतं, "माथ्याला इतके टाके उरेपर्यंत दर दुसऱ्या ओळीला एक कमी करा." तसं केलं तर लांबी जवळपास बरोबर येईल, पण आकार येईल डोकं छाटलेल्या त्रिकोणाचा. आपला खांदा त्रिकोणी नाही.

आपल्याच दंडाला हात लावून बघा. काखेजवळ कापड पटकन आत वळायला हवं, नाहीतर ते काखेत गोळा होतं. मधे, दंडाच्या वरच्या बाजूला, हात जाड असतो. तिथे रुंदी टिकून राहायला हवी. आणि अगदी वर खांद्याच्या हाडावर कापड भराभर मिटायला हवं, म्हणजे ते गोल होऊन बसेल. पटकन, मग हळू, मग भराभर. घंटेची कड अशीच असते.

आता दोन आकडे बघा. गोलाच्या ३२ व्या ओळीला, म्हणजे काखेपासून चार इंच वर, सारखं वाटणाऱ्या बाईच्या सुईवर ३३-३४ टाके असतील. म्हणजे साडेपाच इंच रुंदी. मी जी पद्धत सांगणार आहे तिच्यात त्याच ओळीला ४२ टाके असतील, म्हणजे ७ इंच. अगदी खांद्याच्या गोलाव्याजवळ दीड इंचाचा फरक! म्हणून त्या बाईची बाही खांद्याच्या बाजूला आवळते आणि तिथून आडव्या सुरकुत्या पडतात. तिने शिवण कितीही वेळा उसवली तरी दीड इंच कापड येणार कुठून?

पाच टप्पे

आता हातात कागद-पेन्सिल घ्या. दोन ओळींत ६-६ टाके बंद झालेत, सुईवर ६६ टाके आहेत.

पहिला टप्पा. एकाआड एक ओळीला दोन्ही बाजूंनी एक-एक टाका कमी, ९ वेळा. १८ ओळी. सुईवर ४८ टाके. हे मुद्दाम मुंढ्यासारखंच ठेवलं आहे. मुंढ्यालाही ९ वेळा, १८ ओळी. त्यामुळे शिवताना इथवर ओळीला ओळ जुळते, ओढाताण करावी लागत नाही.

दुसरा टप्पा. आता दर चौथ्या ओळीला एकदा कमी, ३ वेळा. म्हणजे एक ओळ कमी करायची, तीन ओळी नुसत्या विणायच्या. १२ ओळी. सुईवर ४२ टाके. इथे गोल जवळजवळ उभा चढतो आणि रुंदी टिकते.

तिसरा टप्पा. परत एकाआड एक ओळीला, ३ वेळा. ६ ओळी. सुईवर ३६ टाके.

चौथा टप्पा. प्रत्येक ओळीला दोन्ही बाजूंनी एक-एक, ४ वेळा. ४ ओळी. सुईवर २८ टाके. यात उलट बाजूच्या ओळीही येतात, तिथे दोन टाके एकत्र उलट विणायचे.

पाचवा टप्पा. पुढच्या दोन ओळींच्या सुरुवातीला २-२ टाके बंद, त्यानंतरच्या दोन ओळींच्या सुरुवातीला ३-३ टाके बंद. ४ ओळी. सुईवर १८ टाके. ते सगळे एकदम बंद करायचे.

ओळींची बेरीज करा: १८, १२, ६, ४, ४. झाल्या ४४. टाक्यांची बेरीज करा: ९, ३, ३, ४, ५. झाले २४. दोन्ही बेरजा जुळल्याशिवाय विणायला बसू नका. दोन मिनिटं लागतात, दोन दिवस वाचतात.

आणि आता या गोलाची कड टेप उभी धरून मोजली, काखेपासून माथ्याच्या मध्यापर्यंत, तर ती पावणेदहा इंचाच्या आसपास येते. मुंढा साडेनऊ होता. पाव इंच जास्त कुठून आला? आपण उंची सरळ रेघेने काढली होती आणि विणली वळणाने. वळणाची वाट नेहमीच थोडी लांब असते. एका बाजूला पाव, दुसऱ्या बाजूला पाव, मिळून अर्धा इंच. खांद्याच्या हाडासाठी आपल्याला जो सैलपणा हवा होता, तो असा आपोआप मिळाला.

टाका कमी करताना कड जपा

अगदी कडेचा टाका कमी करू नका. कडेला एक टाका तसाच ठेवा आणि त्याच्या आतला कमी करा. मग कडेला एक सलग साखळी दिसते आणि शिवताना सुई कुठून घालायची ते कळतं. कडेलाच कमी केलं की कड गाठीगाठीची होते आणि शिवण जाड येते.

ओळीच्या सुरुवातीला कडेचा एक टाका विणा, पुढचा टाका न विणता उचला, त्याच्या पुढचा सुलट विणा आणि उचललेला टाका त्याच्यावरून ओढून सोडा. ओळीच्या शेवटी तीन टाके राहिले की दोन एकत्र सुलट विणा आणि कडेचा एक सुलट विणा. असं केलं की दोन्ही बाजूंचे तिरपे टाके गोलाच्या उताराबरोबर जातात आणि दोन्ही बाजू एकमेकींच्या आरशातल्यासारख्या दिसतात.

पाचव्या टप्प्यात टाके बंद करताना पायऱ्या पडतात. त्यासाठी एक सोपी युक्ती आहे. बंद करायच्या ओळीचा पहिला टाका विणू नका, नुसता उचलून घ्या, पुढचा विणा आणि उचललेला त्याच्यावरून सोडा. पायरी बरीच बुजते.

एकच बाही लावून बघा

दुसरी बाही विणायच्या आधी पहिली लावून बघायची. शिवायची नाही, सेफ्टी पिना लावायच्या. पहिली पिन काखेत, सपाटाला सपाट. दुसरी पिन माथ्याचा मध्य आणि खांद्याची शिवण यांना. मग पहिल्या टप्प्याच्या शेवटी एक-एक, म्हणजे विसाव्या ओळीला विसावी ओळ. उरलेल्या भागात कापड बोटांनी सारखं पसरून पिना लावा. जो पाव-पाव इंच जास्त आहे तो खांद्याच्या जवळच्या तीन इंचांत जिरवायचा, काखेकडे ढकलायचा नाही.

आता स्वेटर कोणाच्या तरी अंगावर घाला, त्याच मापाच्या. नुसता हँगरवर बघून कळत नाही. तीन ठिकाणी बघा.

माथ्यावर कापड फुगलेलं आहे, चुण्या दिसतात, तर गोलाची कड मुंढ्यापेक्षा फार लांब आहे.

खांद्याच्या टोकापासून बाहीवर ताणलेल्या रेघा खाली येतात, खांद्याची शिवण दंडाकडे सरकते, तर कड आखूड आहे.

खांद्यावर सगळं छान, पण हात वर केला की स्वेटर कमरेवरून उचलला जातो, तर गोल फार उंच आणि बाही फार अरुंद आहे. इथे गोलाचे टप्पे बदलून उपयोग नाही. बाहीची रुंदी वाढवायला हवी. रुंदी वाढली की तिरकी कड तेवढीच ठेवून उंची आपोआप कमी होते, वर्तमानपत्रावर परत टेप फिरवून बघा, लगेच दिसेल. उलट बाजूने, हात खाली असताना काखेत कापडाचा बोळा होत असेल, तर बाही फार रुंद आणि गोल फार बुटका आहे.

थोडं उभं माप आलं आणि हात मोकळा हलला, या दोन्हींच्या मधे थांबायचं. घरी, शेतात घालायचा स्वेटर असेल तर बाही अर्धा इंच रुंद ठेवा. बाहेर जाताना घालायचा नीटनेटका हवा असेल तर नेमकी ठेवा.

कमी-जास्त करायची जागा एकच

कड लांब किंवा आखूड आली, तर सगळा हिशोब मोडायचा नाही. हात फक्त दुसऱ्या टप्प्याला लावायचा. तिथला "दर चौथ्या ओळीला" एक वेळ बदलून "दर दुसऱ्या ओळीला" केला की दोन ओळी कमी होतात. टाके तेवढेच जातात, पण कड प्रत्येक बाजूला जवळजवळ पाव इंच कमी होते, पूर्ण गोलाला अर्धा इंच. आखूड पडत असेल तर उलट करा. तिसऱ्या टप्प्यातल्या "दर दुसऱ्या" पैकी एक वेळ "दर चौथ्या" करा, तेवढीच कड वाढेल.

पहिल्या टप्प्याला हात लावू नका, तो मुंढ्याशी जुळलेला आहे. आणि शेवटच्या दोन टप्प्यांनाही लावू नका, त्यांनीच माथा गोल येतो.

पाव-पाव करत एक इंचापेक्षा जास्त बदलावं लागत असेल, तर दोष टप्प्यांचा नाही. मुंढा परत मोजा किंवा ओळींचा तुकडा परत मोजा. बहुतेक वेळा तिथेच सापडतं.

"धुतल्यावर बसेल" यावर भरवसा नको

शुद्ध लोकर ओली करून, पिना लावून हव्या त्या मापाला वाळवली तर थोडीफार ऐकते. पण आपल्या बाजारात मिळणारी बहुतेक लोकर अॅक्रिलिकची आहे. ती पाण्याने फारशी आकार बदलत नाही. आणि इस्त्रीच्या वाफेने बदलली, तर कायमची ढिली पडते, वीण चपटी होते, परत कधी उभी राहत नाही. म्हणून अॅक्रिलिकच्या स्वेटरच्या बाहीवर गरम इस्त्री फिरवून चुणी घालवायची नाही. या लोकरीत आकार सुईवरच बरोबर यावा लागतो.

शिवताना त्याच लोकरीचा धागा घ्या, कडेच्या साखळीच्या आतून टाके घ्या, आणि प्रत्येक टाका आवळू नका. शिवणही विणीइतकीच ताणली गेली पाहिजे. खांद्यापासून सुरू करून एका बाजूने काखेपर्यंत या, मग परत खांद्यापासून दुसऱ्या बाजूने. काखेतून सुरू केलं तर उरलेलं सगळं कापड खांद्यावर येऊन गोळा होतं.

दुसऱ्या मापाला काय करायचं?

माझे आकडे तुमच्या स्वेटरला लागतीलच असं नाही. क्रम मात्र तोच. मुंढ्याची कड मोजा. त्यातून काखेतला सपाट भाग आणि माथ्याचा अर्धा भाग वजा करा. उरलं ती तिरकी कड. किती टाके जायचे आहेत त्याचे इंच करा. वर्तमानपत्रावर टेप फिरवून उंची काढा. उंचीच्या ओळी करा. मग पहिला टप्पा मुंढ्यासारखा, शेवटचे दोन टप्पे भराभर, आणि जे टाके आणि ज्या ओळी उरतील त्या दुसऱ्या आणि तिसऱ्या टप्प्यात बसवा. लहान मुलाच्या स्वेटरला माथा दोन-सव्वादोन इंच पुरतो आणि पाचव्या टप्प्यात दोन-दोन टाकेच बंद करायचे.

जाड वेणीची किंवा रिबची वीण असेल तर ती आत ओढली जाते. तिचा तुकडा वेगळा विणून मोजा, साध्या विणीचा आकडा तिथे लावू नका.

पुढच्या बैठकीला प्रत्येक गटाने एक पाठ आणि एक बाही आणायची, शिवलेली नाही, नुसती विणलेली. सोबत टेप, सेफ्टी पिना आणि आपल्या टप्प्यांचा कागद आणा. तिथे दोन्ही कडा मोजू, पिना लावू आणि कोणाचा गोल कुठे अडतो ते बघू.